शिळी उंची

एव्हीएल ट्रीचा कोड तपासायला घेतला की मी आधी रोटेशनच्या फंक्शनमधल्या शेवटाकडच्या दोन ओळी पाहतो. एका ओळीत खाली गेलेल्या नोडची उंची नव्याने मोजलेली असते, दुसरीत वर आलेल्या नोडची. सूत्र दोन्हीकडे तेच असते आणि बहुतेक वेळा बरोबरच असते. चुकतो तो क्रम. तो उलटा पडला तर प्रोग्राम कोसळत नाही, शोध चुकत नाही, क्रमाने छापलेली यादीही बिघडत नाही. बिघडते ती एकच गोष्ट, ज्यासाठी हे झाड वापरायला घेतले होते. ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती शोधायला मला दोन दिवस लागले होते. म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

ही रचना १९६२ साली सोव्हिएत संघातल्या गेऑर्गी अडेल्सन-वेल्स्की आणि येव्गेनी लांदिस या दोन गणितज्ञांनी मांडली आणि त्यांच्या आडनावांवरून तिला एव्हीएल हे नाव पडले. नियम साधा आहे. बायनरी सर्च ट्रीतल्या कोणत्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या फांदीच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक असता कामा नये. या लेखात रिकाम्या जागेची उंची ० धरू, एकट्या पानाची १, आणि बॅलन्स फॅक्टर किंवा तोल म्हणजे डावी उंची वजा उजवी. काही पुस्तके रिकाम्या जागेला उणे १ देतात, काही वजाबाकी उलटी करतात. कोणतीही पद्धत चालते, फक्त एकाच कोडमध्ये दोन पद्धतींची सरमिसळ नको.

फरक २ झाला की रोटेशन करायचे. डावी बाजू जड असेल तर वरचा नोड y उजवीकडे खाली उतरतो आणि त्याचे डावे अपत्य x त्याच्या जागी वर येते. आतापर्यंत y बाप होता आणि x त्याचा मुलगा. आता x बाप झाला आणि y त्याचा मुलगा. x ची जुनी उजवी फांदी y कडे जाते. कोड असा:

```c
Node *rotateRight(Node *y) {
    Node *x = y->left;
    y->left = x->right;
    x->right = y;
    y->height = 1 + max(h(y->left), h(y->right));
    x->height = 1 + max(h(x->left), h(x->right));
    return x;
}
```

शेवटून तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत आधी y आणि मग x असे का? नोडची उंची त्याच्या अपत्यांच्या उंचीवरून ठरते, म्हणून मोजणी नेहमी खालून वर जाते. पॉइंटर बदलल्यानंतर y हा x चा मुलगा आहे. x ची उंची काढताना आपण y च्या खात्यात लिहिलेला आकडा वाचतो. तो आकडा y वर बसलेला असतानाचा आहे, म्हणजे त्यात x ची स्वतःची उंचीसुद्धा मोजलेली आहे. तो शिळा आकडा वाचून x त्यात एकाची भर घालतो. खरे तर x ने स्वतःलाच दोनदा मोजले.

मी केलेली चूक हीच. बाप झाला म्हणून x चे खाते आधी, या सहज सवयीने मी x ची ओळ वर लिहिली होती. त्याने काय होते ते सात आकड्यांवर पाहू. झाडात ५०, ३०, ७०, ६०, ८०, २० असे सहा आकडे याच क्रमाने घाला. एकही रोटेशन लागत नाही. आता सातवा, १०. तो २० च्या डावीकडे जाऊन बसतो आणि रिकर्शन परत वर येताना २० ची उंची २, ३० ची ३ अशी नोंद करते. ३० च्या उजवीकडे काहीच नाही, म्हणजे तोल २. रोटेशन हवेच.

पॉइंटर फिरले: २० वर, १० त्याच्या डावीकडे, ३० उजवीकडे. बरोबर क्रमाने ३० ची उंची आधी मोजली तर ती १ येते, मग २० ची २. पन्नासच्या डाव्या फांदीची उंची १० येण्यापूर्वी २ होती आणि रोटेशननंतरही २ आहे. उजवीकडे ७० ची फांदी २. ५० ला कसलीच हालचाल करावी लागत नाही आणि सात नोडचे अगदी भरलेले झाड हाती येते:

```
        50
      /    \
    20      70
   /  \    /  \
  10  30  60  80
```

आता उलट्या क्रमाने. आधी २० ची उंची: डावीकडे १० ची १, उजवीकडे ३० ची, आणि ३० च्या खात्यात अजून ३ लिहिलेले आहे. म्हणून २० ला मिळते ४. त्यानंतर ३० ची उंची दुरुस्त होऊन १ होते, पण २० ने वाचायचे ते वाचून झालेले असते. फंक्शन २० ला परत देते आणि ५० आपला तोल काढतो: डावीकडे ४, उजवीकडे २, फरक २. कोडच्या दृष्टीने ५० कलला आहे. १० हा २० पेक्षा लहान आहे, म्हणजे सरळ डावी-डावी स्थिती, म्हणून तो ५० लाही उजवीकडे फिरवतो:

```
     20
    /  \
  10    50
       /  \
     30    70
          /  \
         60  80
```

जे झाड आधीच तोलात होते ते कोडने स्वतःच्या हाताने मोडले. २० च्या डावीकडे उंची १, उजवीकडे ३. नियम मोडला गेला आहे, आणि तो मोडणारे फंक्शन तोच सांभाळण्यासाठी लिहिलेले होते. शिवाय दुसऱ्या रोटेशनमध्येही तोच उलटा क्रम चालल्यामुळे २० ने ५० च्या खात्यातला जुना ५ वाचला आणि आपल्या नावावर ६ लिहून घेतले. खरी उंची ४ आहे.

आता नेहमीच्या चाचण्या लावून पाहा. क्रमाने छापले तर १०, २०, ३०, ५०, ६०, ७०, ८०, सगळे जागच्या जागी. रोटेशन डावा-उजवा क्रम कधीच मोडत नाही, त्यामुळे उंचीचे आकडे कितीही चुकले तरी ही चाचणी पास होणारच. कोणताही आकडा शोधा, सापडतो. थोडी कडक चाचणी म्हणजे झाडाची एकूण उंची मर्यादेत आहे का ते पाहणे. एव्हीएल झाडाला उंची ४ गाठायला किमान ७ नोड लागतात, आणि इथे बरोबर ७ नोडमध्ये उंची ४ आहे. म्हणजे ही चाचणीही पास. ७ नोड आणि उंची ४ असे खरे एव्हीएल झाड असू शकते, फक्त ते हे नव्हे.

मला दोन दिवस लागले ते आणखी एका कारणाने. मी आकडे घालून झाल्यावर, अगदी शेवटी, सगळ्या नोडच्या उंच्या छापून पाहत होतो, आणि त्या बहुतेक बरोबर दिसत होत्या. याचे कारण असे की नवा आकडा घालताना ज्या वाटेने आपण खाली जातो त्या वाटेवरच्या प्रत्येक नोडची उंची परतताना अपत्यांवरून पुन्हा मोजली जाते. रूटवर चुकून लिहिलेला ६ पुढचा एखादा आकडा तिथून गेला की पुसला जातो आणि खरी उंची बसते. शिळा आकडा एकदाच वाचला जातो, एकदाच चुकीचे रोटेशन करवतो, आणि मग त्याचा मागमूस उरत नाही. मागे राहते वाकडे झाड आणि त्यातले बरोबर आकडे. पुढे घातलेल्या आकड्यांनी कधी झाड सावरते, कधी आणखी कलते. त्यामुळे शेवटचे चित्र पाहून चूक कुठे झाली हे कळत नाही. पाहणी प्रत्येक आकड्यानंतर करायला हवी होती.

दुहेरी रोटेशनमध्ये तीन नोड गुंतलेले असतात. मधला वर येतो आणि बाकीचे दोघे त्याच्या दोन बाजूंना बसतात. ते दोघे आता भावंडे आहेत, एकमेकांची उंची वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यात आधी कोण हा प्रश्न नाही. वर आलेला मात्र शेवटी. दुहेरी रोटेशन दोन साध्या रोटेशनच्या जोडीने केले असेल आणि साधे बरोबर असेल, तर वेगळे काही करावे लागत नाही. मला हीच पद्धत आवडते.

आतापर्यंतची गोष्ट उंची साठवणाऱ्या कोडची. नोडमध्ये उंचीऐवजी थेट बॅलन्स फॅक्टर साठवणारा कोडही बराच आहे, कारण त्याला फक्त उणे १, ० आणि १ हे तीनच आकडे लागतात. ओपनझेडएफएस या फाइल सिस्टिमच्या एव्हीएल कोडमध्ये ६४ बिटच्या यंत्रावर हा तोल अवघ्या दोन बिटांत, पालकाच्या पॉइंटरबरोबर एकाच शब्दात बसवलेला आहे. जागा वाचते, पण शिळ्या आकड्याचा स्वभाव इथे पार बदलतो. उंची अपत्यांवरून पुन्हा मोजता येते. तोल तसा मोजता येत नाही. अपत्याच्या तोलावरून त्याची उंची किती हे कळतच नाही. कोड फक्त जुन्या तोलात एक मिळवतो किंवा एक वजा करतो. म्हणून इथे एकदा चुकलेला आकडा आपोआप पुसला जात नाही. वहीत चुकीची मागील बाकी पुढे ओढली की त्यानंतरची प्रत्येक शिल्लक चुकते, तसे.

ही चूक नेमकी कुठे शिरते तेही ठरलेले आहे. नवा आकडा घालताना साधे रोटेशन होते तेव्हा दोन्ही नोडचे तोल शेवटी ० होतात. म्हणून अनेकजण रोटेशनच्या शेवटी दोघांनाही ० लिहून मोकळे होतात. फक्त आकडे घालायचे असतील तर हे चालते. आकडा काढून टाकताना मात्र अशी एक स्थिती येते जी घालताना कधीच येत नाही: वरचा नोड २ वर गेलेला आणि त्याच्या अपत्याचा तोल ०.

रूट ३०, डावीकडे २०, उजवीकडे ४०, आणि २० खाली १० आणि २५ असे झाड घ्या. ४० काढून टाका. ३० चा तोल १ होता, तो २ झाला. २० चा तोल ०. उजवे रोटेशन केले की २० रूट होतो, त्याच्या डावीकडे १०, उजवीकडे ३०, आणि २५ हा ३० च्या डावीकडे लटकतो. खरे तोल पाहा: ३० च्या डावीकडे एक पान आणि उजवीकडे काही नाही, म्हणजे १. २० च्या डावीकडे उंची १, उजवीकडे २, म्हणजे उणे १. आणि कोडने दोन्हीकडे ० लिहिले आहे.

या क्षणी झाड तोलातच आहे, त्यामुळे काही बिघडलेले दिसत नाही. आता २७ घाला. तो २०, ३०, २५ या वाटेने जाऊन २५ च्या उजवीकडे बसतो. परतताना २५ चा तोल ० वरून उणे १, ३० चा ० वरून १, २० चा ० वरून उणे १. कोडच्या मते सगळे मर्यादेत, रोटेशनची गरज नाही. प्रत्यक्षात ३० च्या डावीकडे उंची २ आणि उजवीकडे ०. २० च्या डावीकडे १ आणि उजवीकडे ३. पाच नोडच्या झाडात दोन नोड कललेले आहेत आणि कोडला एकही दिसत नाही. उंचीच्या चुकीने नको असलेले रोटेशन करवले होते. इथे हवे असलेले रोटेशन होतच नाही, आणि त्या फांदीतला हिशेब तिथून पुढे एकने मागेच राहतो.

प्रत्येक स्थितीसाठी वेगळे तोल पाठ करण्यापेक्षा सूत्र लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते. उजव्या रोटेशनसाठी ते दोन ओळींचे आहे:

```c
y->bal = y->bal - 1 - max(x->bal, 0);
x->bal = x->bal - 1 + min(y->bal, 0);
```

वरच्या उदाहरणात y चा तोल २ आणि x चा ०. पहिली ओळ: २ − १ − ० = १. दुसरी: ० − १ + ० = −१. खऱ्या तोलांशी जुळले. आकडा घालतानाची स्थिती, २ आणि १, टाकून पाहा: दोन्ही ० येतात. डाव्या रोटेशनला हेच सूत्र आरशातले लागते, म्हणजे वजा १ च्या जागी अधिक १, आणि max व min यांची अदलाबदल.

पुन्हा तोच क्रम आला आहे, आधी खाली गेलेला y आणि मग वर आलेला x. फक्त इथे एक बारकावा जास्त आहे. पहिल्या ओळीला x चा जुना तोल हवा आहे आणि दुसऱ्या ओळीला y चा नवा. म्हणजे शिळा आकडा इथे एका जागी उपयोगाचा आहे, आणि तो वाचून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ओळी उलट्या केल्या तर २ आणि ० या स्थितीत उत्तर योगायोगाने बरोबरच येते, पण २ आणि १ या स्थितीत y ला ० ऐवजी १ मिळतो. एकाच उदाहरणावर तपासून समाधान मानणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. दुहेरी रोटेशन हाताने लिहिणाऱ्यांचेही इथेच चुकते: मधल्या नोडला आधी ० लिहायचे आणि मग त्याच्याच तोलावरून बाजूच्या दोघांचे तोल ठरवायचे. तोवर त्याचा जुना तोल गेलेला असतो. साध्या रोटेशनच्या जोडीने करायचे तर एवढेच ध्यानात ठेवावे की दोन्हींच्या मध्ये मधल्या नोडचा तोल क्षणभर २ होऊ शकतो, आणि तो दोन बिटांच्या त्या तीन आकड्यांत बसत नाही. तेवढ्यापुरते तो साध्या पूर्णांकात ठेवावा.

रोटेशनच्या फंक्शनला फक्त त्या दोन-तीन नोडांची माहिती असते. वरच्या पूर्वजांचे काय? आकडा घालताना रोटेशननंतर त्या फांदीची उंची घालण्यापूर्वी होती तितकीच होते, म्हणून पूर्वजांचे आकडे मुळात बरोबरच असतात आणि तिथेच थांबता येते. काढताना तसे नाही. अपत्याचा तोल ० असेल तर उंची तीच राहते, जशी ३० आणि २० च्या उदाहरणात ३ ची ३ राहिली. अन्यथा फांदी एकने ठेंगणी होते आणि आजोबाचा तोल शिळा ठरतो, त्यामुळे वर चढत राहावे लागते. ओपनझेडएफएसमध्ये रोटेशनचे फंक्शन नेमके हेच उत्तर परत देते: या फांदीची उंची घटली की नाही. उंची साठवणाऱ्या कोडमध्ये तुलना करताना मात्र एक पथ्य पाळावे. फांदीच्या माथ्यावर आधी y होता आणि आता x आहे. तेव्हा x च्या नव्या उंचीची तुलना या कामाला सुरुवात होण्यापूर्वीच्या y च्या उंचीशी करायची, x च्या स्वतःच्या जुन्या उंचीशी नव्हे. ती जुनी उंची बदल करण्याआधीच एका बाजूच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून द्यावी.

शेवटी तपासणीचे फंक्शन. नोडवर लिहिलेली उंची वाचून तोल तपासणारे फंक्शन निरुपयोगी आहे, कारण ज्या वहीवर संशय आहे तीच वही ते प्रमाण मानते. उंची पानांपासून नव्याने मोजत आणायची आणि मग लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायची:

```c
int check(Node *n) {
    if (!n) return 0;
    int l = check(n->left), r = check(n->right);
    int real = 1 + max(l, r);
    assert(n->height == real);
    assert(abs(l - r) <= 1);
    return real;
}
```

तोल साठवला असेल तर पहिल्या assert मध्ये n->bal आणि l - r यांची तुलना करायची. हे फंक्शन प्रत्येक आकडा घातल्यावर आणि प्रत्येक आकडा काढल्यावर बोलवायचे. दर वेळी सगळे झाड फिरावे लागते, त्यामुळे ते चाचणीपुरतेच, पण लहान झाडांना ते परवडते. सात आकड्यांचे ५०४० क्रम होतात. प्रत्येक क्रमाने झाड उभारून त्यातून सातांपैकी एकेक आकडा काढून पाहायचा तर ३५,२८० वेळा झाड उभारावे लागते, आणि साध्या लॅपटॉपवर हे पाणी पिऊन येईपर्यंत संपते. माझ्या त्या उलट्या ओळींना मात्र एवढे काही लागले नसते. ३०, २०, १० घातले की तिसऱ्याच आकड्याला पहिले assert थांबते: २० वर लिहिलेली उंची ४, मोजलेली २.